अवतरणातला ठळक शब्द: कुणाचा, ते सांगा

दादा, तुमच्या परभणीकडच्या गावाचा तुम्ही लिहिलेला इतिहास वाचला. कष्ट दिसतात. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा.

समजा, जुन्या ठरावात असं वाक्य आहे: ‘विहिरीचे पाणी फक्त पिण्यासाठी वापरावे.’ तुम्ही ‘फक्त’ ठळक केलात, तर वाचकाला वाटेल की जोर पंचांनीच दिला होता. म्हणून असं लिहा:

‘विहिरीचे पाणी **फक्त** पिण्यासाठी वापरावे.’ (ठळक ठसा माझा)

ही नोंद अवतरणचिन्ह संपल्यावर लगेच, त्याच ओळीत द्या. पानाच्या तळाशी दिली की नजरेतून सुटते. अवतरणाच्या आत लिहायचीच असेल तर चौकटी कंसात लिहा, नाहीतर ती मूळ मजकुराचाच भाग वाटते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- मूळ कागदातच एखादा शब्द अधोरेखित असतो. तो तसाच ठेवून ‘अधोरेखन मूळचे’ असं लिहा. मूळचं अधोरेखन आणि तुमचा ठळक ठसा दोन्ही असतील तर कोणतं कुणाचं, ते वेगळं सांगा.
- जोर द्यायला पदरचं उद्गारचिन्ह घालतात. ही मजकुरातली ढवळाढवळ झाली. कोणत्याही नोंदीनं ती झाकली जात नाही.

मजकूर दुसरीकडे चिकटवला की ठळकपणा कधी कधी उडतो आणि नुसती नोंद उरते. छापण्याआधी तेवढं बघाच.