ओडीवरून जनरेशन टाइम काढताना पहिलं आणि शेवटचं रीडिंग का घेऊ नये

प्रश्न: ई. कोलायचा ग्रोथ कर्व्ह केला, एलबी ब्रॉथ, ३७ डिग्री, शेकरवर, दर २० मिनिटांनी ६०० नॅनोमीटरला ओडी. सुरुवातीला ०.०५२ आणि १८० मिनिटांनी ०.९२. फॉर्म्युल्यात टाकलं तर जनरेशन टाइम ४३ मिनिटं येतोय, पुस्तकात २० आहे. माझं काय चुकलं? सगळी रीडिंग्ज खाली दिलीत.

उत्तर:

फॉर्म्युला बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे, चुकलीय ती रीडिंग्जची निवड. तो फॉर्म्युला असं धरून चालतो की पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत बॅक्टेरिया सारख्याच वेगाने दुप्पट होत गेले. तुमच्या १८० मिनिटांत सुरुवातीची ४० मिनिटं लॅग फेजमध्ये गेलीत आणि शेवटी वेग उतरलाय, म्हणजे तुम्ही बसलेल्या आणि दमलेल्या वेळेचाही भागाकारात हिशोब धरलात. ४३ मिनिटं हा त्या सगळ्याचा सरासरी आकडा आहे, जनरेशन टाइम नाही.

तुमची रीडिंग्ज घेऊन करून दाखवतो. आधी प्रत्येक ओडीचा नॅचरल लॉग घ्या, आणि मग ग्राफ काढायच्याही आधी मागच्या लॉगमधून पुढचा किती वाढला तो फरक शेजारच्या कॉलममध्ये लिहा. हा फरकाचा कॉलम बरेच जण करत नाहीत, पण खरी गोष्ट तिथेच दिसते:

```
मिनिटं   OD      मागच्यापेक्षा ln किती वाढला
0       0.052    -
20      0.055    0.06
40      0.068    0.21
60      0.105    0.43
80      0.168    0.47
100     0.270    0.47
120     0.430    0.47
140     0.640    0.40
160     0.810    0.24
180     0.920    0.13
```

बघा, फरक ०.०६ पासून चढत चढत ०.४७ ला येतो, तिथे तीन वेळा थांबतो आणि मग उतरतो. हे जे थांबणं आहे तोच एक्स्पोनेन्शिअल फेज. ६० पासून १२० मिनिटांपर्यंतची चार रीडिंग्ज, बस. ओडी नुसता वाढतोय म्हणून तो फेज एक्स्पोनेन्शिअल होत नाही, ओडी तर १६० नंतरही वाढतोच आहे. ठरावीक वेळात ठरावीक पटीने वाढला पाहिजे, म्हणजेच लॉगमधला फरक सारखा राहिला पाहिजे.

आता या चार पॉइंटमधून रेषा काढा. एक्सेलमध्ये पहिली ओळ हेडिंगची, ए कॉलममध्ये मिनिटं, बी मध्ये ओडी असं धरलं तर ६० ते १२० मिनिटं ही ५ ते ८ नंबरच्या ओळीत येतात. पहिला फॉर्म्युला सी५ मध्ये टाकून खाली सी८ पर्यंत ओढा, दुसरा डी१ मध्ये, तिसरा डी२ मध्ये:

```
=LN(B5)
=SLOPE(C5:C8,A5:A8)
=LN(2)/D1
```

स्लोप येतो ०.०२३५ दर मिनिटाला, आणि ०.६९३ भागिले ०.०२३५ म्हणजे २९.५ मिनिटं. हा तुमच्या कल्चरचा जनरेशन टाइम.

दोनच पॉइंट घेऊनही हेच येतं (६० आणि १२० घ्या, करून बघा), पण मी तरी रेषाच काढायला सांगेन, कारण दोन पॉइंटमध्ये एखादं रीडिंग जरा हललं तर सगळा आकडा हलतो आणि तुम्हाला ते कळतही नाही, रेषेवर चार पॉइंट असले की बाजूला पडलेला एक लगेच डोळ्याला दिसतो.

इथे एक सावधगिरी. आर स्क्वेअर बघून पॉइंट निवडू नका. तुमच्याच डेटात २० ते १६० मिनिटांपर्यंतचे आठ पॉइंट घेतले तरी आर स्क्वेअर ०.९९ येतो, कुणीही म्हणेल छान रेषा आहे, आणि जनरेशन टाइम मात्र ३३.५ मिनिटं. चार मिनिटांचा फरक पडला आणि आर स्क्वेअरने काहीच सांगितलं नाही, कारण सतत वर जाणाऱ्या कुठल्याही वक्र रेषेला तो भरपूर मार्क देतो. फरकाचा कॉलम तसं करत नाही, तिथे ०.२१ आणि ०.२४ स्पष्ट दिसतात.

ग्रोथ रेटचं वेगळं सांगतो, कारण व्हायव्हात इथेच गोंधळ होतो. एकाच नावाखाली दोन वेगळे आकडे फिरतात. आपण आत्ता काढलेला स्लोप म्हणजे स्पेसिफिक ग्रोथ रेट, म्यू. ०.०२३५ ला ६० ने गुणलं की १.४१ दर तासाला. दुसरा आकडा म्हणजे तासाला किती जनरेशन, तो ६० भागिले २९.५, साधारण २.०३. बऱ्याच प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये छेदात ०.३०१ असलेला फॉर्म्युला असतो, तो हा दुसरा आकडा देतो, कारण ०.३०१ हा २ चा साधा, १० च्या बेसचा लॉग आहे. दोन्ही बरोबर आहेत पण १.४१ ला तासाला १.४१ वेळा दुप्पट असं वाचलंत की चुकलंत. म्हणून उत्तराशेजारी कुठला रेट ते लिहाच, आणि लॉग कुठला वापरलाय तेही. कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबलं गेलं तर स्लोप २.३०३ पटीने कमी येतो आणि जनरेशन टाइम ६८ मिनिटं दाखवतो, असा आकडा दिसला की पहिला संशय त्या बटणावर घ्या.

आता ब्लँक. तुम्ही ब्लँक कशाने घेतला ते लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो, एलबीने की डिस्टिल्ड वॉटरने? मी एमएस्सीला असताना पूर्ण एक कर्व्ह डिस्टिल्ड वॉटरवर झिरो करून काढला होता, आकडा का जास्त येतोय ते दोन दिवस कळत नव्हतं. एलबी पिवळसर असतो, पाण्याच्या तुलनेत तो स्वतःच थोडा ओडी दाखवतो, समजा ०.०४. वाटतं की सगळ्याच रीडिंगमध्ये तेवढाच मिसळला तर काय बिघडतं. पण आपण फरक नाही, पट मोजतोय. ०.१०५ चे ०.१४५ झाले तर तो मोठा हिस्सा आहे, ०.४३० चे ०.४७० झाले तर किरकोळ. म्हणजे खालचा पॉइंट जास्त उचलला जातो, वरचा कमी, आणि रेषा आडवी होते. तुमच्या आकड्यांत असा ०.०४ मिसळला असता तर २९.५ चे ३५ मिनिटं झाले असते, कल्चर तेच, वाढ तीच. पाण्याने झिरो केला असेल तर डेटा फेकायची गरज नाही, त्याच बाटलीतल्या कोऱ्या एलबीचं रीडिंग घ्या आणि सगळ्यांतून वजा करून मगच लॉग घ्या. आधी लॉग घेऊन मग वजा केलं तर चालणार नाही.

वरच्या टोकाला मशीनची मर्यादा आहे. बॅक्टेरिया ६०० ला प्रकाश शोषत नाहीत म्हटलं तरी चालेल, ते तो विखुरतात, आणि सरळ डिटेक्टरपर्यंत न पोचलेला प्रकाश मशीन ओडी म्हणून दाखवतं. कल्चर दाट झालं की एका पेशीने बाजूला फेकलेला प्रकाश दुसरीवर आपटून परत डिटेक्टरकडे वळतो, आणि मशीन खऱ्यापेक्षा कमी ओडी दाखवायला लागतं. साधारण ०.४ च्या पुढे हे जाणवतं, प्रत्येक मशीनचा आकडा थोडा वेगळा. हे तपासणं सोपं आहे: १ मिली कल्चरमध्ये ३ मिली कोरा एलबी घाला, रीडिंग घ्या, ४ ने गुणा. आमच्या मशीनवर ०.६४ दाखवणारं सॅम्पल असं पातळ केल्यावर ०.१७ दाखवत होतं, म्हणजे खरं ०.६८. आता तुमची रेषा १४० मिनिटांपर्यंत वाढवलीत तर ती ०.६९ सांगते. म्हणजे तुमच्या १४० च्या पॉइंटला जो वाक दिसतोय तो बहुतेक मशीनचा असेल, बॅक्टेरियाचा नाही. १६० ला मात्र रेषा १.१० सांगते आणि तुमच्याकडे ०.८१ आहे, एवढी दरी सगळी मशीनच्या माथी मारता येणार नाही, तिथे वेग खरंच उतरलाय. एलबीमध्ये साखर अगदी नावापुरती असते, ई. कोलाय अमिनो आम्लांवर जगतो, त्यातली आवडती संपायला लागली की वेग हळूहळू पडतो, आणि हे ब्रॉथ नुसतं गढूळ दिसायला लागतं तेव्हापासूनच सुरू होतं.

पुस्तकातल्या २० मिनिटांची काळजी करू नका. तो आकडा उत्तम मीडियम, भरपूर हवा आणि पक्क्या ३७ डिग्रीचा आहे. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीपेक्षा जास्त ब्रॉथ भरला असेल तर हवा कमी पडते. आणि दर २० मिनिटांनी फ्लास्क शेकरमधून काढून टेबलावर ठेवून निवांत पिपेट करत असाल तर तेवढा वेळ कल्चर गार होतं, आणि वाढ मंदावते. सॅम्पल काढलं की फ्लास्क लगेच परत, रीडिंग नंतर. वहीत वेळ लिहायची ती सॅम्पल काढल्याची, मशीनवर आकडा आल्याची नाही, मधे क्युव्हेटच्या रांगेत चार-पाच मिनिटं सहज जातात. क्युव्हेट मशीनमध्ये ठेवायच्या आधी एकदा उलटंपालटं करा, पेशी खाली बसलेल्या असल्या तर आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरत जातो.

अजून एक, ओडी पेशी मोजत नाही, एकूण ढिगारा मोजतो, मेलेल्या पेशींसकट. शिवाय ई. कोलायच्या पेशी वेगात वाढताना मोठ्या असतात आणि स्टेशनरीकडे जाताना लहान होतात, त्यामुळे कडेच्या भागात ओडी आणि पेशींची संख्या एका प्रमाणात चालत नाहीत. फरकाचा कॉलम जिथे स्थिर आहे तिथेच दोन्ही सोबत दुप्पट होतात, म्हणून २९.५ ला जनरेशन टाइम म्हणायला आपण मोकळे आहोत आणि ४३ ला नाही.

पुढच्या वेळी ओडी ०.०८ च्या वर गेला की २० ऐवजी १० मिनिटांनी रीडिंग घ्या आणि ०.४ च्या पुढे पातळ करून मोजा, म्हणजे त्या सरळ भागात चारच्या जागी सात-आठ पॉइंट मिळतील. तीन फ्लास्क लावले तर तिन्हींचा स्लोप वेगवेगळा काढा आणि मग सरासरी घ्या, तिन्हींचे ओडी आधी एकत्र करू नका, कारण एका फ्लास्कची लॅग दहा मिनिटं लांबली तरी सरासरी केलेल्या कर्व्हमध्ये कोपरा गोल होतो आणि स्थिर भाग कुठे सुरू झाला तेच सापडत नाही.