लेक्चरचा सारांश काढताना पुनरुक्ती कशी गाळावी?

प्रश्न: तासाभराच्या लेक्चरचं ट्रान्सक्रिप्ट आहे. सर मध्येच भरकटतात, तेच तेच पुन्हा सांगतात. ते काढून टाकायचंय, पण त्यांची मांडणी तशीच हवी. कसं करू?

उत्तर:

पहिल्या वाचनात काहीही खोडू नका, फक्त सरांचे सांधे शोधा. ‘आज तीन गोष्टी बघू’, ‘आता दुसरा मुद्दा’, ‘मघाशी म्हटलं तसं’ अशी वाक्यं अधोरेखित करा. ‘त्यावरून आठवलं’पासून ‘असो, तर आपण कुठे होतो’पर्यंतचा मजकूर बहुधा विषयांतर असतो; त्याला नुसता कंस घाला. मग सरांच्याच क्रमाने मथळे लिहून काढा. तीन गोष्टी सांगतो म्हणून दोनच सांगितल्या असतील, तर तिसरी मनाने भरू नका, ‘राहिली’ अशी नोंद करा.

सगळ्यात जास्त घोळ पुनरुक्ती गाळताना होतो. बोलताना शिक्षक तेच वाक्य पुन्हा म्हणतात, पण अनेकदा दुसऱ्या वेळी त्याला एखादी अट जोडतात. समजा विषय घर्षण आहे. दहाव्या मिनिटाला सर म्हणतात, ‘घर्षण म्हणजे μN.’ इथे μ हा घर्षण गुणांक आणि N हे अभिलंब बल, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने देतो ते बल. पंचविसाव्या मिनिटाला म्हणतात, ‘स्थितिक घर्षण जास्तीत जास्त μN इतकं होऊ शकतं.’ वरवर पाहता मुद्दा तोच. पण 50 किलोच्या कपाटावर अभिलंब बल साधारण 500 न्यूटन, μ 0.4 धरला तर कमाल घर्षण 200 न्यूटन येतं. तुम्ही 120 न्यूटनने ढकललंत आणि कपाट हललं नाही, तर घर्षण 120च असतं, 200 नव्हे. पहिलं वाक्य ठेवून दुसरं गाळलंत, तर सारांश चुकीचं शिकवेल.

म्हणून एका मुद्द्याचे सगळे उल्लेख एकाखाली एक लिहून ताडून बघा. सगळ्यात पूर्ण वाक्य ठेवा, आणि ते सरांनी जिथे नीट उलगडून सांगितलं त्याच मथळ्याखाली ठेवा. आधीच्या जागी ‘सूत्राची ओळख’ एवढं पुरे. शब्दश: तेच असेल तर बिनधास्त उडवा.

विषयांतराचंही तसंच. समजा सरांनी सांगितलं, घर बदलताना कपाट कसं अडलं, कोण मदतीला आलं; हा किस्सा जाऊ द्या. पण पुढे गतिक घर्षण शिकवताना सर म्हणत असतील, ‘ते कपाट एकदा सुटल्यावर सोपं गेलं ना, तसंच’, तर किस्स्यातली एक ओळ ठेवावीच लागेल: हलवायला जास्त जोर लागला, सरकत ठेवायला कमी. माझ्या मते विषयांतर ओळखायची खरी कसोटी हीच, पुढचा एखादा मुद्दा त्यावर उभा आहे का.

शेवटी मूळ ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘मघाशी’, ‘आधी’, ‘ते उदाहरण’ हे शब्द शोधा. राखलेल्या मजकुरात असा उल्लेख आला की तो ज्याकडे बोट दाखवतो ती गोष्ट सारांशात सापडली पाहिजे. नसेल, तर कंसात टाकलेल्या भागातून ती परत आणा.