ग्रुपवर टोमणा मारला, आता सॉरी कसं म्हणू?

"कॉलेजच्या ग्रुपवर मित्राच्या पगारावरून सगळ्यांसमोर बोललो, तो गप्प झालाय. काय लिहू?"

आधी पर्सनलवर लिही, आणि काय बोललास ते सरळ सांग, म्हणजे असं, "अरे, काल ग्रुपवर तुझ्या पगारावरून बोललो ते चुकीचं होतं, सगळ्यांसमोर तुझा अपमान केला मी, सॉरी." बास. पुढं 'गंमत केली रे' किंवा 'तुला वाईट वाटलं असेल तर' नको, मग लागलं हा त्याचाच दोष ठरतो. ग्रुपवर पण एक ओळ टाक, कारण वाचलं सगळ्यांनी, फक्त पगाराचा विषय परत काढू नको. ब्लू टिक येऊन रिप्लाय नाही आला तर मागं लागू नको, सात रस्ता चौकात चहाला भेटला की तोंडावर एकदा म्हण.