पिचमध्ये आकड्यांमागची गृहीतके कशी दाखवावीत?

प्रश्न: आम्ही म्हापशाहून उत्तर गोव्यातल्या होमस्टेंना धुतलेल्या चादरी-टॉवेलचे सेट पुरवतो. गुंतवणूकदारांना तीन वर्षांचे आकडे दाखवायचे आहेत. ते विश्वासार्ह कसे वाटतील?

उत्तर: तीन वर्षांच्या बेरजेपेक्षा एका महिन्याचा हिशेब उघडा करून दाखवा. फोंड्यात मी छोट्या उद्योगांचे हिशेब पाहतो. तुमच्या धंद्यात सगळा खेळ पावसाळ्याचा आहे, म्हणून उदाहरणही तेच घेतो. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा 40 होमस्टे, सरासरी 4 खोल्या, म्हणजे 160 खोल्या. सीझनमध्ये 70 टक्के खोल्या भरतात आणि दर दोन रात्रींनी सेट बदलतो. महिन्याला 1680 सेट झाले. सेटमागे 120 रुपये मिळतात, धुलाई आणि पोचवण्याचे 50 जातात, उरतात 70. भाडे, पगार, गाडी धरून महिन्याचा ठरलेला खर्च 90 हजार. म्हणजे सीझनच्या महिन्यात 27,600 हातात राहतात.

जून ते सप्टेंबर 30 टक्केच खोल्या भरल्या, तर सेट 720 वर येतात आणि दरमहा 39,600 खिशातून जातात. बाकीचे आठ महिने सीझनचे धरले, तरी वर्षाअखेरीस 62,400 नफा दिसतो. आता 30 च्या जागी 20 घाला. चार महिन्यांचा तोटा 2,25,600 होतो आणि सगळा नफा जाऊन वर्ष 4,800 ने तोट्यात जाते. समोरच्याला हाच आकडा खोदायचा असतो, म्हणून तो तुम्हीच पुढे ठेवा.

त्यासाठी एक्सेलमध्ये गृहीतकांची वेगळी शीट करा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा: स्वतःच्या बिलांतून मोजलेला, होमस्टेवाल्यांना विचारून कळलेला, की निव्वळ अंदाज. पावसाळ्यातला खोल्यांचा भरणा अंदाजच असेल, तर तसेच लिहा आणि शेजारी कमीत कमी व जास्तीत जास्त आकडा द्या. सेटची संख्या मात्र कधीही हाताने टाईप करू नका, सूत्रातूनच येऊ द्या:

```
=B2*B3*30*B4/B5
```

B2 होमस्टे, B3 एका होमस्टेतल्या सरासरी खोल्या, B4 भरणा, B5 किती रात्रींनी सेट बदलतो. गुंतवणूकदाराने बैठकीत B4 बदलला आणि खालची बेरीज हललीच नाही, तर पुढच्या स्लाइड कोणी मनापासून बघत नाही. हे मी बैठकांत पाहिले आहे. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक गृहीतक एकदा बदलून बघा.

स्लाइडवर आलेखाखाली तीनच गृहीतके ठेवा: होमस्टेंची संख्या, पावसाळ्यातला भरणा आणि होमस्टेवाले किती दिवसांनी पैसे देतात. हे तिसरे बहुतेक जण विसरतात. पैसे महिनाभर उशिरा आले, तर नफा तोच राहतो, पण नवीन होमस्टे जोडताना हातची रोकड आटते. भांडवल मागताना मी पावसाळ्यासाठी 20 टक्क्यांवरचा, म्हणजे सव्वादोन लाखांचा तोटा धरीन आणि ते कारण त्याच स्लाइडवर लिहीन.