महिन्याला 9,000 उरतात म्हणून हप्ता वाढवायचा का?

प्रश्न: वर्षभर घरखर्चाची यादी एक्सेलमध्ये ठेवली आहे. तारीख, तपशील, रक्कम असे तीनच रकाने. वर्षाची बेरीज 6,36,000, म्हणजे महिन्याला 53,000. आमचं उत्पन्न 62,000. उरणाऱ्या 9,000 नी गृहकर्जाचा हप्ता वाढवावा म्हणतो. त्याआधी यादीचे वर्ग पाडून महिनावार बेरजा काढायच्या आहेत. प्रत्येक महिन्याची वेगळी शीट करू का? सोबत यादी पाठवली आहे.

उत्तर: वेगळ्या शीट करू नका. बारा शीट झाल्या की एका वर्गाचं नाव बदलायलाही बारा ठिकाणी हात घालावा लागतो. सगळ्या ओळी 'खर्च' नावाच्या एकाच लांबलचक शीटमध्ये राहू द्या. त्यात फक्त एक रकाना वाढवा: तारीख A मध्ये, तपशील B मध्ये, वर्ग C मध्ये, रक्कम D मध्ये.

वर्ग आठ-दहाच्या वर नकोत. ते दुकानावरून किंवा पैसे कसे दिले त्यावरून पाडू नका, कशासाठी दिले त्यावरून पाडा. तुमचा प्रश्न हप्त्याचा आहे, म्हणून तीन गोष्टी वेगळ्या दिसायलाच हव्यात: दरमहा ठरलेले खर्च, आपल्या हातात असलेले बदलते खर्च, आणि वर्षातून एकदाच येणारे. चौथा वर्ग 'वळती' ठेवा. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात गेलेले पैसे आणि कार्डाच्या बिलाचा भरणा त्यात टाका. या ओळी पुसू नका, नाहीतर बँकेच्या उताऱ्याशी यादी ताडून पाहता येणार नाही.

आता दुसरी शीट. तिच्या A रकान्यात A2 पासून वर्गांची नावं. B1 मध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्याची 1 तारीख, C1 मध्ये `=EDATE(B1,1)`, आणि ते M1 पर्यंत ओढा. मग B2 मध्ये हे सूत्र लिहून सगळ्या चौकटींत उतरवा:

```
=SUMIFS('खर्च'!$D:$D,'खर्च'!$C:$C,$A2,'खर्च'!$A:$A,">="&B$1,'खर्च'!$A:$A,"<"&EDATE(B$1,1))
```

सूत्र सोपं आहे, पण ते गुपचूप चुकतं. 'औषध' आणि 'औषध ' (शेवटी एक जागा सुटलेली) हे त्याच्या दृष्टीने दोन वेगळे वर्ग. म्हणून C रकान्याला डेटा व्हॅलिडेशनने यादी लावा आणि वर्ग टंकण्याऐवजी निवडा. जुन्या ओळी मात्र त्याने आपोआप सुधारत नाहीत. तारीख मजकूर म्हणून पडली असेल तर ती ओळ कुठल्याच महिन्यात मोजली जात नाही. अशी तारीख, तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल तर, चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसते. खरी तारीख उजवीकडे असते.

ताळा घ्यायला एका कोपऱ्यात ही दोन सूत्रं ठेवा (वर्ग A2 ते A11 असे दहा धरले आहेत):

```
=SUM('खर्च'!D2:D2000)-SUM(B2:M11)
=COUNTA('खर्च'!D2:D2000)-COUNT('खर्च'!D2:D2000)
```

दोन्हींचं उत्तर शून्य यायला हवं. पहिल्यात फरक आला तर कुठली तरी ओळ वर्गाविना आहे, वर्गाचं नाव जुळत नाही किंवा तारीख बिघडली आहे. दुसरं सूत्र का लागतं? तुम्ही काही ठिकाणी रक्कम '1,200/-' अशी लिहिली आहे. एक्सेल तो मजकूर समजतं, त्यामुळे ती रक्कम दोन्ही बेरजांतून गळते आणि पहिल्या सूत्रात फरक दिसतच नाही. तुमच्या यादीत अशा मोजक्याच आणि किरकोळ ओळी होत्या, त्यामुळे खालचे गोल आकडे हलत नाहीत.

आता तुमच्या आकड्यांकडे. 'वळती' वर्ग लावताच चार ओळी वर आल्या: कार्डाचं बिल, एकूण 48,000. त्या बिलांतली खरेदी तुम्ही त्या त्या दिवशी वेगळी लिहिलीच आहे. म्हणजे तेवढा खर्च दोनदा मोजला गेला. तो वजा केला की वर्षाचा खरा खर्च 5,88,000, महिन्याला 49,000. उरतात 9,000 नव्हे, 13,000.

मग हप्ता खुशाल वाढवावा? इथेच महिनावार बेरजा कामी येतात. या 5,88,000 पैकी 96,000 वर्षातून एकदाच जाणारे आहेत: सहाव्या महिन्यात 54,000 आणि नवव्या महिन्यात विम्याचे 42,000. ते बाजूला ठेवले तर साधारण महिन्याचा खर्च 41,000, दोन-चार हजार इकडेतिकडे. एरवी 21,000 उरतात आणि दोन महिन्यांत सगळं उलटं होतं. सरासरीत हे दिसत नाही.

हप्ता 9,000 ने वाढवला असं धरून वर्ष शून्य शिलकीपासून चालवून पाहू. साध्या महिन्यात 12,000 उरतील. पाच महिन्यांत 60,000 जमतील, सहावा महिना 18,000 वर आणेल. पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा 42,000, आणि नवव्यात विमा भरल्यावर हातात राहतात 12,000. वर्षअखेर 48,000 शिल्लक दिसेल, म्हणून कागदावर जमतं. पण त्या नवव्या महिन्यात दुरुस्तीचं किंवा दवाखान्याचं मोठं बिल आलं की कार्डावर उधारी चढणार, आणि तिचं व्याज गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त असतं. तुमच्या यादीत दुरुस्तीची वर्षभरात एकच छोटी ओळ आहे. दरवर्षी तसंच जाईल असं मी धरणार नाही.

म्हणून हप्ता आत्ता वाढवू नका. वार्षिक खर्चासाठी महिन्याला 8,000 वेगळ्या खात्यात टाका. त्यानंतर उरणाऱ्या 13,000 पैकी 9,000 साठवा आणि सहा महिन्यांनी एकरकमी मुद्दलात भरा. बाकीचे 4,000 अडीअडचणीला राहतील. थांबण्याचा तोटा किती? व्याजदर 9 टक्के धरला, तर सहा हप्त्यांचे 54,000 महिन्याच्या महिन्याला न भरता शेवटी भरल्याने साधारण 1,000 जास्त व्याज जातं, आणि बचत खात्याचं थोडंफार व्याज त्यातून वजा होतं. वाढवलेला हप्ता पुन्हा कमी करायला सावकाराच्या दारात जावं लागतं. त्यापेक्षा हे हजार मला स्वस्त वाटतात.

तुमची तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी आधीच वेगळी असेल, तर माझं उत्तर बदलतं. मग नवव्या महिन्यातल्या 12,000 ची भीती नाही आणि हप्ता लगेच वाढवायला हरकत नाही. ती तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही.

एकरकमी भरण्याआधी कर्जाच्या करारात दोन गोष्टी पाहा: मुदतपूर्व भरण्यावर शुल्क आहे का, आणि एका वेळी किमान किती रक्कम स्वीकारतात. भरताना अर्जात 'मुदत कमी करावी' असं स्पष्ट लिहा. काही ठिकाणी न सांगता मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात, आणि मग व्याजात फार कमी बचत होते.