शेरा प्रश्नाशेजारी ठेवून वाचा

प्रश्न: राज्यसेवेच्या टेस्ट सिरीजचे पेपर तपासून येतात तेव्हा उत्तराखाली नुसतं 'अपूर्ण' किंवा 'मुद्द्याला धरून नाही' लिहिलेलं असतं. पानं तर भरलेली असतात. मग नेमकं काय कमी पडलं हे ओळखायचं कसं?

उत्तर: शेरा आपल्या उत्तराशेजारी ठेवून कितीही वेळा वाचला तरी काही हाती लागत नाही. तो प्रश्नाशेजारी ठेवावा लागतो. 'अपूर्ण' म्हणजे प्रश्नातल्या एखाद्या भागाला तुम्ही हातच लावलेला नाही. 'मुद्द्याला धरून नाही' म्हणजे तुम्ही लिहिलेला एखादा परिच्छेद प्रश्नातल्या कुठल्याच भागाचं उत्तर नाही. पहिल्यात प्रश्न उरतो, दुसऱ्यात उत्तर उरतं. बहुतेक वेळा दोन्ही एकाच उत्तरात सापडतात, कारण शब्दमर्यादा ठरलेली असते. नको त्या मजकुराने जागा खाल्ली की हवा तो बाहेर राहतो.

मी पुण्यात अशा सरावपेपरांच्या वह्या तपासतो. एका वहीत २० उत्तरं असतात, १० उत्तरं १५० शब्दांची आणि १० उत्तरं २५० शब्दांची, आणि अशा वह्यांचा गठ्ठा समोर असतो. हात दोन-तीन शब्दांपुढे जात नाही. पण शेरा लिहिताना तपासणाऱ्याच्या डोक्यात नेमकी एक जागा असते, आणि तिची खूण वहीवर बऱ्याचदा राहिलेली असते. म्हणून शेऱ्याआधी खुणा बघा. कुठल्या ओळींवर टिक आहे, नागमोडी रेघ कुठून कुठपर्यंत गेली आहे, समासात उभी रेघ कुठल्या परिच्छेदाला लागून आहे. टिक असलेल्या ओळींना मार्क मिळालेत. ज्या सलग मजकुरावर एकही खूण नाही, तो वाचला गेला आणि मोजला गेला नाही, असं धरून चाला.

मग मार्क बघा. १५ पैकी ६ आणि शेरा 'अपूर्ण' असेल तर वाट बरोबर होती, एक तुकडा राहिला. १५ पैकी ३ आणि तोच शेरा असेल तर प्रश्नाचा मोठा भाग राहिलाय.

आणखी एक गोष्ट, जी मुलं हमखास विसरतात. सगळी वही एकदा पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत नुसते शेरे वाचत चाळा. 'अपूर्ण' फक्त शेवटच्या चार-पाच उत्तरांवर असेल तर तो तुमच्या अभ्यासावरचा शेरा नाही, घड्याळावरचा आहे. तीन तासांत २० उत्तरं म्हणजे छोट्या उत्तराला साधारण ७ मिनिटं आणि मोठ्याला ११. पहिल्या पाच उत्तरांना प्रत्येकी १५ मिनिटं दिलीत तर शेवटी कात्री लागणारच. तिथे वाचन वाढवून काही होत नाही. शेरे वहीभर विखुरलेले असतील तरच पुढचं करा.

पुढचं म्हणजे काय ते एका वहीवरून सांगतो. प्रश्न असा होता: "रोजगार हमी योजनेने ग्रामीण महाराष्ट्राला रोजगार दिला, पण टिकाऊ मत्ता दिली नाही. चिकित्सक परीक्षण करा. (१५ गुण, २५० शब्द)". एका मुलीला ४ मार्क पडले आणि शेरा होता 'अपूर्ण, मुद्द्याला धरून नाही'. ती वही घेऊन आली तेव्हा तिचं म्हणणं साधं होतं. सर, यात एक तरी गोष्ट चुकीची आहे का? नव्हती. सगळं बरोबर होतं.

तिचा पहिला परिच्छेद ७० शब्दांचा. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी. दुसरा ८० शब्दांचा. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, खर्चासाठी व्यवसाय कर. तिसऱ्यात स्त्रियांना मिळालेलं काम, दुष्काळात टळलेलं स्थलांतर, आणि एका ओळीत पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. चौथ्यात २००५ चा केंद्राचा कायदा, आणि जाता जाता फळबाग लागवडीचा उल्लेख. शेवटी "अशा प्रकारे ही योजना ग्रामीण भागासाठी वरदान ठरली".

आम्ही उत्तर बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर आधी प्रश्न फोडला. चार भाग निघाले. एक, रोजगार खरंच मिळाला का आणि कोणाला. दोन, टिकाऊ मत्ता झाली का. तीन, मधला 'पण'. विधान म्हणतंय की रोजगार मिळाला आणि मत्ता मात्र झाली नाही, मग या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का? चार, 'चिकित्सक परीक्षण करा', म्हणजे हे विधान तुम्हाला कितपत पटतं ते कारणासहित सांगा. 'स्पष्ट करा' असतं तर चौथा भाग नसता. शेवटचे ते दोन-तीन शब्द बदलले की प्रश्नाचे भागही बदलतात. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, आणि बहुपर्यायी पेपरला सरावलेली मुलं सगळ्यात जास्त इथेच घसरताना मी बघतो. त्यांचं वाचन पक्कं असतं, पण प्रश्नाचं क्रियापद वाचायची सवय लागलेली नसते.

मग तिला म्हटलं, आता प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पेन्सिलीने आकडा घाल. हा परिच्छेद १ ते ४ पैकी कुठल्या भागाचं उत्तर आहे? पहिल्यासमोर तिला काहीच घालता येईना. दुसऱ्यासमोरही नाही. तिसऱ्यासमोर १, आणि पाझर तलावाच्या ओळीसमोर अर्धामुर्धा २. तलाव बांधले एवढंच तिने लिहिलं होतं, ते टिकले का यावर शब्द नव्हता. चौथा रिकामा, त्यातल्या फळबागेच्या ओळीसमोर मात्र २. माझी नागमोडी रेघ बरोबर त्याच ओळीखाली होती. रेघ मारताना माझ्या मनात आलेलं मला आठवतंय: हिला माहीत होतं, मग इथे कुठे टाकलं! शेवटच्या ओळीसमोर ती ४ घालत होती, मी थांबवलं. 'वरदान' म्हणण्यात विधान पटलं की नाही हे येत नाही.

कागदावर मग असं दिसलं. ३ आणि ४ हे आकडे समासात कुठेच नव्हते, हे तिचं 'अपूर्ण'. पहिल्या दोन परिच्छेदांसमोर आकडाच नव्हता, हे तिचं 'मुद्द्याला धरून नाही', आणि त्यात २५० पैकी १५० शब्द गेले होते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिने उत्तर परत लिहिलं तेव्हा कळली. 'मुद्द्याला धरून नाही' म्हटल्यावर मुलं ती माहितीच काढून टाकतात आणि नवीन शोधायला निघतात. पण १५ दिवसांची अट तिने दुसऱ्यांदाही लिहिली. फक्त ती वैशिष्ट्यांच्या यादीतून उचलून 'पण'च्या उत्तरात आणली: "कायद्याला उत्पादक कामे अपेक्षित होती, परंतु मागणीनंतर १५ दिवसांत काम द्यायचे, म्हणून जे पटकन सुरू होईल आणि ज्यात मजूर जास्त व साहित्य कमी लागेल असे मातीकाम निवडले गेले. रोजगाराची हमी जितकी तातडीची, तितका मत्तेच्या दर्जाला वेळ कमी." हीच माहिती आधी बिनआकड्याची होती, आता तिच्यासमोर ३ आला. फळबागेची ओळही तिने वर आणून नीट उघडली. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. मजुरी योजनेतून मिळाली आणि झाडं शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर राहिली, त्यामुळे ती जपणारा माणूस होता. जिथे मत्तेला मालक मिळाला तिथे ती टिकली, म्हणून विधान अंशतःच खरं, असा तिचा निष्कर्ष. हा झाला ४. पागे आणि १९७७ एका वाक्यात आले, तारीख गेली, व्यवसाय कर गेला. शब्द पुन्हा २५०च.

तुम्हीही हे करताना एक पथ्य पाळा. प्रश्न फोडायचा तो उत्तर न बघता. उत्तर समोर असलं की आपण लिहिलंय तेवढेच भाग प्रश्नात दिसायला लागतात.

कधी कधी सगळे आकडे समासात येतात आणि तरी शेरा 'अपूर्ण' असतो. अशा वेळी ज्या भागाला टिक नाही त्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा. तपासणारा पहिल्या वाक्यावरून परिच्छेद कशाबद्दल आहे ते ठरवतो. तुमचा मुद्दा चौथ्या ओळीत, पार्श्वभूमीच्या मागे असेल तर तो त्याच्या हातून सुटू शकतो. मुद्दा पहिल्या ओळीत आणा. आणि हेही मान्य करायला हवं की गठ्ठ्यातल्या शेवटच्या वह्यांवर आमच्याही नजरेतून काही निसटतं. मुद्दा पहिल्या ओळीत स्पष्ट असूनही शेरा तसाच असेल तर जरूर विचारायला या.

फक्त 'सर, काय कमी आहे?' असं विचारू नका. त्यावर कोणीही 'अजून मुद्दे हवेत' असंच सांगेल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. आकडे घातलेली वही पुढे करा आणि म्हणा, "प्रश्नाचे मी हे चार भाग केले, तिसऱ्याचं उत्तर या परिच्छेदात धरलं आहे, ते तुम्ही धरलं नाही का?" याला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, आणि भाग पाडतानाच तुमचं चुकलं असेल तर तेही तिथल्या तिथे कळतं.