कच्ची लिची, उपाशी निजलेलं पोर आणि दुकानदाराचं इथेफॉन

प्रश्न १ (आजरा तालुका): साहेब, घराजवळ लिचीची सहा झाडं आहेत. यंदा चांगली लागलीत, पण कच्ची फळं लई गळतात. दुकानदार म्हणतोय इथेफॉन मारा, आठ दिवसांत लालभडक होतील, दर गावंल. खाली पडलेली फळं खोपटातल्या मजुरांची पोरं दिवसभर खातात. बिहारात लिचीनं पोरं गेली म्हणं, ते खरं काय?

प्रश्न २ (कोल्हापूर शहर): बाजारातली लिची लहान मुलांना द्यावी की नाही?

उत्तर:

आधी दुकानदाराचं बघू, कारण घाई तिथं आहे. इथेफॉन मारू नका. आंबा आढीत पिकतो, केळी पिकतात, चिकू पिकतो. लिची तशी पिकत नाही. झाडावरून उतरली की तिचं पिकणं तिथंच थांबतं. औषधानं सालीला रंग चढतो, आतला गर कच्चा तो कच्चाच राहतो. म्हणजे जे फळ हिरवं दिसतंय म्हणून निदान मोठी माणसं बाजूला टाकतात, ते लाल होऊन पोराच्या हातात जाणार. ‘सगळेच मारतात’ हे दुकानदाराचं उत्तर मी आंब्यात ऐकलंय, केळीत ऐकलंय, द्राक्षातही ऐकलंय. त्याला एकच विचारा: बाटलीच्या लेबलावर लिची आणि हे काम लिहिलेलं दाखव. दाखवता आलं नाही, तर बाटली परत ठेवायची आणि घरी यायचं. कार्बाइडची पुडी तर दारातसुद्धा आणू नका.

आता बिहारचं. होय, ते खरं आहे. मुजफ्फरपूर हा लिचीचा जिल्हा. तिथं १९९५ पासून मे-जूनमध्ये, म्हणजे ऐन लिचीच्या हंगामात, लहान मुलं पहाटे अचानक झटके येऊन बेशुद्ध पडायची. कित्येक वर्षं त्याला मेंदूज्वर म्हणत राहिले आणि विषाणू शोधत राहिले. २०१४ साली भारताच्या आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी मिळून नीट तपास केला. त्या हंगामात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली, त्यातली १२२ गेली. ज्यांची रक्तातली साखर मोजली होती, त्यांच्यातल्या दहापैकी सहा मुलांची साखर ७० किंवा त्याहून कमी होती. आजारी मुलांची निरोगी मुलांशी तुलना केली तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या. आदल्या चोवीस तासांत लिची खाल्लेली, आणि रात्रीचं जेवण झालेलं नव्हतं.

हे विष फवारणीचं नाही, फळाचं स्वतःचं आहे, आणि याच ठिकाणी लोकांची गफलत होते. लिची रिठ्याच्या कुळातली. तिच्या बियांत आणि गरात हायपोग्लायसिन ए आणि मिथिलीन सायक्लोप्रोपाइल ग्लायसिन अशी दोन द्रव्यं असतात. कच्च्या फळात ती जास्त, पिकलेल्यात कमी. याच कुळातलं अॅकी नावाचं फळ जमैकात खातात, आणि ते कच्चं खाऊन माणसं मेल्याचं तिकडं फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून ‘धुऊन खा, काही होत नाही’ हा सल्ला इथं फुकट आहे. धुण्यानं फवारा जाईल, गरातलं द्रव्य जाणार नाही. फळं धुवाच, पण ती धुतली म्हणून कच्ची लिची चालते असं समजू नका. बी चावून फोडायची तर अजिबात नाही.

मग गावातली खातीपिती पोरं तीच लिची खाऊन ठणठणीत कशी? हे एका पोराच्या हिशेबानं समजून घ्या. चार वर्षांचं पोर आहे, वजन दहा किलो. या वयात ते सोळाच्या आसपास हवं. आईबाप कामावर. पोर दुपारभर झाडाखाली पडलेली लिची खातंय. संध्याकाळी पोट भरल्यासारखं वाटतं, भाकरी नको म्हणतं आणि सातलाच निजतं. आईला वाटतं, खाऊन झोपलंय. झोपेत शरीराला साखर लागते, ती यकृतातल्या साठ्यातून येते. धष्टपुष्ट पोराचा साठा सकाळपर्यंत पुरतो. या पोराचा साठा मुळातच तुटपुंजा, तो मध्यरात्रीनंतर संपतो. एरवी साठा संपला की शरीर चरबी जाळतं आणि त्या जोरावर यकृत नवी साखर तयार करतं. लिचीतली ही द्रव्यं नेमका तोच रस्ता अडवतात. आता साठाही नाही आणि नवी साखरही नाही. पहाटे तीन-चारच्या सुमाराला साखर झपाट्यानं खाली येते आणि पहिला मार मेंदूला बसतो.

म्हणजे बहुधा तीन गोष्टी जुळून येतात: कुपोषित पोर, भरपूर आणि त्यातून कच्ची लिची, आणि रिकाम्या पोटी रात्र. पोराचं कुपोषण तुम्ही एका हंगामात मोडू शकणार नाही. बाकीच्या दोन गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत, आणि त्यातली एक तर फक्त एका भाकरीची आहे. माझा सगळा जोर तिच्यावर आहे. ज्या रानात लिचीचं झाड आहे, तिथल्या खोपटातलं एकही पोर रात्री जेवल्याशिवाय निजता कामा नये. निजलं असेल तर उठवून खायला घाला. भाकरी-आमटी, भात-वरण, काहीही चालेल, पण पोटभर. मजुरांना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं, मुकादमाकडून निरोप धाडून नाही. लिची खाल्लीय म्हणजे पोट भरलंय, ही समजूत आधी मोडा.

दुसरं काम बागेतलं. गळलेली फळं रोज दोनदा, दुपारी आणि दिवस मावळायच्या आत, वेचून खड्ड्यात टाका आणि वर माती ओढा. ‘नंतर वेचू’ म्हणालात की ती पोरांच्या खिशात गेली. सहा झाडांना अर्धा तास लागतो. मजुरी जाते म्हणून कुरकुर करू नका.

तोडणी कधी करायची हे रंगावर ठरवू नका. फळाच्या सालीवरचे काटेरी उंचवटे सपाट होत येतात, साल हाताला गुळगुळीत लागते, फळ गोलसर भरतं. मग रसातली गोडी मोजायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर काढा. तुमच्या भागात उसाचा ब्रिक्स मोजायला तो कुणाकडं ना कुणाकडं असतोच. झाडाच्या चारी बाजूंची दहा-बारा फळं घेऊन रस लावा. १८ च्या पुढे आकडा येत असेल तर घड तोडा. त्याखाली असेल तर थांबा, व्यापारी गाडी घेऊन बांधावर उभा असला तरी थांबा. कच्चा माल आधी नेऊन पहिला दर घ्यायचा, हा त्याचा धंदा आहे. तोडल्यावर तुमची लिची गोड होणार नाही.

गळीबद्दल. थोडी गळ लिचीत होतेच. जास्त होतेय ती बहुतेक पाण्याच्या ओढाताणीनं. दहा दिवस कोरडं आणि मग एकदम पाट भरून पाणी, असं केलं की फळं गळतात आणि तडकतातही. हलकं पाणी नेमानं द्या, बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. गळ थांबवायला एनएए हे संजीवक मारायचं असेल तर त्याची वेळ फळ वाटाण्याएवढं असताना असते. साडेचार टक्क्यांचं औषध असेल तर दहा लिटर पाण्याला साडेचार मिली, म्हणजे साधारण २० पीपीएम. त्याहून एक थेंब जास्त नाही. दुकानदार ‘दुप्पट घाला, हमखास थांबंल’ म्हणतो. दुप्पट-चौपट केलं की हेच औषध फळं गाळतं. परदेशात जादा फळं विरळ करायला तेच वापरतात. तुमची फळं आता मोठी झालीत, वेळ निघून गेली. या हंगामात ते मारू नका. कीटकनाशकाचंही तेच. फळ रंगावर आल्यावर फवारा बंद. बांगलादेशात दिनाजपूर भागात २०१२ साली लिचीच्या बागांजवळची मुलं दगावली, तेव्हा तपास करणाऱ्यांनी बागेतल्या कीटकनाशकांकडं बोट दाखवलं होतं. झाडाखाली पोरं खेळत असताना फवारणी म्हणजे दुसरं विष आपल्या हातानं घालणं.

पोर आजारी पडलंच तर ओळखायचं कसं? रात्री बरं निजलेलं पोर पहाटे रडत किंवा दचकून उठतं, घाम सुटतो, सुस्त होतं, हाक मारली तर ओळखत नाही, किंवा थेट झटके येतात. ताप बहुधा नसतो. इथं लोक देवर्षीकडं जातात, कांदा हुंगवतात, आणि मोलाचे दोन तास घालवतात. पोर शुद्धीवर आहे आणि गिळतंय, तर लगेच साखरपाणी द्या. चहाचा एक उंच भरलेला चमचा साखर, साडेतीन मोठे चमचे पाणी, घोटघोट. साखर नसेल तर गुळाचं पाणी. बेशुद्ध असेल किंवा झटके चालू असतील तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. एका कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात न्या. पोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘काल लिची खाल्लीय, रात्री जेवलं नाही, साखर तपासा.’ ग्लुकोमीटरवर मिनिटभरात कळतं. साखर कमी निघाली तर शिरेतून दहा टक्के डेक्स्ट्रोज देतात, किलोमागं पाच मिली, म्हणजे आपल्या दहा किलोच्या पोराला पन्नास मिली. औषध साधं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात होण्यासारखं आहे. ते उशिरा मिळालं तर मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. तिथून पुढं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण साखर न तपासता नुसतं ‘वर न्या’ म्हणाले तर तपासायचा आग्रह धरा.

प्रश्न दुसरा. द्या. शाहू मार्केट यार्डात मे-जूनला येणारी लिची बिहारकडची असते, आणि पूर्ण पिकलेली पाच-सात फळं जेवण झालेल्या पोरानं खाल्ली तर घाबरायचं कारण नाही. जेवणाऐवजी लिची नको आणि रिकाम्या पोटी नको. हिरवट, आंबट, घट्ट गराची फळं काढून टाका. साल ओल्या कापडानं पुसून कापडाला लाल रंग लागला तर तो माल घेऊच नका, वरून रंगवलेला आहे.

योजनेचं थोडक्यात: लिचीची नवी लागवड फळबाग योजनेत बसते का, हे महाडीबीटीवर किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच रोपं घ्या, नर्सरीवाल्याच्या शब्दावर नाही. आणि खोपटातल्या पोरांची नावं अंगणवाडीत घाला. बाहेरगावचे मजूर असले तरी सेविका वजन करते, आहार देते, आणि अतितीव्र कुपोषित पोर पुढं पाठवते. तोडणी सुरू व्हायच्या आधी हे करा.